सर्दी, कॅप्सूल आणि जिभेची चव

प्रश्न: मी दहावीत आहे. नुसती साखरेची गोळी खाऊनही लोकांना बरं वाटतं असं वाचलं. मग औषध खरंच काम करतं हे कसं ठरवतात? आणि पेशंटबरोबर डॉक्टरलाही अंधारात का ठेवतात?

उत्तर: सर्दीचेच उदाहरण घेऊ. औषध घेतले तर ती सात दिवसांत जाते आणि न घेतले तर आठवड्यात जाते, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. म्हणजे गोळी घेतल्यावर सर्दी गेली एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण ती तशीही जाणारच होती. त्यात आणखी एक भर पडते. आपण औषध घेतले आहे या समजुतीने दुखणे, मळमळ, थकवा यांसारख्या जाणवण्याच्या तक्रारी खरोखरच कमी वाटू लागतात. यालाच प्लासिबो परिणाम म्हणतात. त्याने जंतू मरत नाहीत किंवा मोडलेले हाड जुळत नाही. परंतु ‘आज कसे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने बदलते, आणि सर्दीचे मोजमाप बरेचसे अशा उत्तरांवरच चालते.

म्हणून दोन गट करतात. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने ठरवले जाते. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, देतात. आपोआप बरे होणे आणि समजुतीने बरे वाटणे हे दोन्ही गटांत सारखेच घडत असल्यामुळे, उरलेला फरक औषधाच्या खात्यावर मांडता येतो. मात्र हा हिशेब कोणाला काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नसेल तोपर्यंतच जुळतो.

तो कसा बिघडतो, हे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत झालेल्या एका चाचणीत फार स्पष्ट दिसले. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते, असे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1970 मध्ये जाहीरपणे मांडले होते. ते तपासण्यासाठी संस्थेतल्याच 311 कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने नऊ महिने कॅप्सूल घेतल्या. काहींना रोज 3 ग्रॅम क जीवनसत्त्व मिळत होते, तर काहींना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. सर्दी झाली की वर आणखी 3 ग्रॅमची मात्रा, तीही खरी किंवा खोटी.

कॅप्सूल बाहेरून सारख्याच होत्या. पण क जीवनसत्त्व आंबट असते आणि लॅक्टोज किंचित गोड. संशोधन संस्थेतली चौकस माणसेच ती! अनेकांनी कॅप्सूल उघडून जीभ लावून पाहिली. (खरे सांगायचे तर मीही तेच केले असते.) संशोधकांना हे कळल्यावर त्यांनी शहाणपणा दाखवला आणि प्रत्येकाला विचारले, ‘तुम्हाला काय मिळत होते असे वाटते?’ केवळ नशिबाने जमले असते त्याहून पुष्कळ जास्त लोकांनी बरोबर ओळखले.

1975 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क जीवनसत्त्वाने सर्दी थोडी लवकर गेल्यासारखी दिसत होती. पण हा फरक मुख्यतः आपल्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे ओळखलेल्यांमध्येच होता. गळतीचे आकडेही बोलके आहेत. किमान महिनाभर कॅप्सूल चुकवलेले लोक प्लासिबो गटात 44 टक्के, तर जीवनसत्त्वाच्या गटात 34 टक्के होते. आपल्याला नुसती साखर मिळते आहे हे कळल्यावर ती नऊ महिने कोण गिळत बसेल? दिसणारा लाभ औषधाचा की फुटलेल्या गुपिताचा, हे वेगळे काढता येत नाही, असे संशोधकांनी स्वतःच लिहिले.

आता डॉक्टरांचे. माहीत असलेला डॉक्टर खोटे बोलतो असे नव्हे, पण ‘पाय थोडा जास्त उचलला’ की ‘तेवढाच उचलला’ अशा सीमेवरच्या निर्णयात त्याची आशा नकळत माप झुकवते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरील एका कॅनेडियन चाचणीत त्याच रुग्णांना दोन प्रकारच्या डॉक्टरांनी तपासले. उपचार माहीत असलेल्यांना एका उपचाराचा फायदा दिसला, माहीत नसलेल्यांना दिसला नाही. दोन्ही बाजूंना अंधारात ठेवणाऱ्या डबल ब्लाइंड चाचणीत खरी यादी म्हणूनच तिसऱ्याकडे, सांकेतिक क्रमांकांच्या आड असते.

क जीवनसत्त्वाच्या इतर काही चाचण्यांत प्लासिबोही सायट्रिक ॲसिड घालून आंबट केला गेला. अशा अनेक चाचण्या एकत्र पाहता, रोज नियमित घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सरासरी सुमारे 8 टक्क्यांनी लवकर संपते असे दिसते. सर्दी झाल्यावर सुरू केल्यास मात्र खात्रीचा उपयोग आढळलेला नाही. सात दिवसांच्या सर्दीत 8 टक्के म्हणजे जेमतेम 13 तास.