कमिट आपलं, पुश जगाचं: गिटवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दहा वर्षं एसव्हीएन वापरलं, आता गिट. सकाळी कमिट केलं तरी शेजारच्याला दिसत नाहीये. सर्व्हर गंडलाय का?

नाही. पुश करायचं राहिलंय.

एसव्हीएनमध्ये सरळ २१४० नंतर २१४१ असे नंबर यायचे. गिटमध्ये ही चाळीस अक्षरांची बाराखडी कशाला?

एसव्हीएनमध्ये कमिट सर्व्हरवरच व्हायचं, त्यामुळे पुढचा नंबर द्यायला तिथे एकच कारकून बसलेला असायचा. गिटमध्ये तुम्ही गावी नेट नसताना कमिट करता आणि त्याच वेळी तुमची सहकारी ऑफिसात करते, मग २१४१ कोणाचा? म्हणून फाइलींचा मजकूर, आधीचं कमिट, नाव, वेळ आणि मेसेज या सगळ्यावरून तो हॅश काढला जातो. रोजच्या बोलण्यात पहिली सात अक्षरं पुरतात. क्लायंटला सांगायला नंबर हवा असेल तर टॅग लावा, पण तो कसा लिहायचा हे रिलीज बघणाऱ्याशी आधी ठरवून घ्या.

config.php मध्ये डेटाबेसचा पासवर्ड चुकून पुश झाला. दहा मिनिटांत ओळ काढून परत पुश केलं. आता सेफ ना?

नाही! दर महिन्याला हाच प्रश्न येतो आणि दरवेळी कोणीतरी मित्राने "डिलीट केलं की झालं" असं सांगितलेलं असतं. ओळ आजच्या फाइलीतून गेली, इतिहासातून नाही. हे चालवून बघा:

```
git log -p --all -S'DB_PASSWORD' -- config.php
```

दोन कमिट दिसतील, एकात पासवर्ड आला, दुसऱ्यात गेला, आणि दोन्हीत तो अक्षरन् अक्षर वाचता येतो.

एसव्हीएनमध्ये पूर्ण इतिहास फक्त सर्व्हरवर असायचा, अ‍ॅडमिनने डंप काढून, गाळून परत भरला की बऱ्यापैकी निभावायचं. इथे समजा त्या दहा मिनिटांत तिघांनी पुल केलं आणि बिल्डच्या मशीननेही कोड ओढला, तर सर्व्हर आणि तुमचा लॅपटॉप धरून सहा ठिकाणी तो पासवर्ड आहे, आणि त्यातल्या चार ठिकाणी तुमचा हात पोचत नाही.

म्हणून आधी डेटाबेसवर जाऊन पासवर्ड बदला. आत्ता, हे वाचणं थांबवून. इतिहास साफ करणं त्यानंतर. ते `git filter-repo` ने ताज्या क्लोनवर होतं, पण त्या कमिटपासून पुढच्या सगळ्यांचे हॅश बदलतात, मग फोर्स पुश, आणि मग प्रत्येकाने जुना क्लोन टाकून नवा घ्यायचा (अर्थात स्वतःचं न पुश केलेलं काम आधी बाजूला काढून). एकाने जरी जुनी ब्रँच मर्ज करून पुश केली की पासवर्ड परत हजर. एका टीममध्ये आम्ही सगळं धुऊन काढलं आणि चार दिवसांनी सुट्टीवरून आलेल्या माणसाने इमानदारीत मर्ज करून सगळं परत आणलं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा फोर्स पुश एकट्याने करू नका, टीम लीड आणि सिक्युरिटी बघणारा, दोघांना सांगून करा.

आता सवयीचं. एसव्हीएनमध्ये कमिट म्हणजेच जाहीर करणं, मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. गिटमध्ये कमिट आणि पुश यांच्यात फट आहे आणि लोक नेमकी तीच वापरत नाहीत, दोन्ही एका बटणाला बांधून टाकतात. पुशच्या आधी एवढं बघा:

```
git fetch
git log -p origin/main..HEAD
```

(तुमची ब्रँच main नसेल तर तिचं नाव घाला.) चूक इथे शेवटच्या कमिटमध्ये सापडली तर फाइल सुधारायची, `git add` करायचं आणि `git commit --amend`. विषय तुमच्या लॅपटॉपवरच संपला.

सगळ्यांकडे पूर्ण इतिहास असतो, मग वेगळा बॅकअप कशाला? आमचा व्हेंडर तर म्हणतो गरजच नाही.

व्हेंडरला विचारा, माझा लॅपटॉप आज चोरीला गेला तर माझी न पुश केलेली ब्रँच कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. स्टॅशही नाही. आणि `--depth 1` ने घेतलेल्या क्लोनमध्ये तर इतिहासच नसतो. रोज संध्याकाळी स्वतःच्या ब्रँचवर पुश करा, सर्व्हरच्या बॅकअपचं सिस्टिम अ‍ॅडमिनशी बोला.

डिझायनरच्या पीएसडी फाइलीही गिटमध्येच टाकू का?

अशा फाइली मर्ज होत नाहीत. एसव्हीएनमध्ये लॉक लावून एकेकाने काम करायची सोय होती, साध्या गिटमध्ये ती नाही. शिवाय २०० एमबीची फाइल वीस वेळा बदलली की तो सगळा बोजा प्रत्येकाच्या क्लोनमध्ये येतो. गिट एलएफएसमध्ये लॉक आहे आणि जुन्या आवृत्त्या सर्व्हरवरच राहतात, पण त्याची जागा आणि डाउनलोड बऱ्याच ठिकाणी मोजून बिल करतात, तेवढं विचारून घ्या. आणि डिझायनरलाही विचारा, तिचं एसव्हीएन नीट चालू असेल तर ते राहू द्या.