स्टँडर्ड रूममध्ये अडकलेला पार्ट आणि एचओडींना मेल

मॅडम, नमस्कार. मी औशाची. लातूरला मेकॅनिकल करून सव्वा वर्षापासून वाळूजच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत एनपीडीला, म्हणजे नवे पार्ट तयार करणाऱ्या विभागात आहे. माझ्या पहिल्याच स्वतंत्र पार्टची पीपॅप, म्हणजे मंजुरीची फाईल २५ जुलैला कस्टमरकडे द्यायची आहे. मोजायचे ५ नग ३ जूनला स्टँडर्ड रूमला दिले. १२ जूनला ड्रॉईंगचं नवं रिव्हिजन आलं, तेही बलून करून, म्हणजे प्रत्येक मापाला नंबर टाकून, त्याच दिवशी दिलं. एकूण ६२ मापं आहेत. आज ९ जुलै, पाच आठवडे झाले, मोजणीचं सीएमएम मशीन दोन पाळ्या मागतेय, ते काही मिळत नाही. रोज ‘उद्या बघू’. आमचे सेक्शनचे सर म्हणतात, एचओडी साहेबांना तूच मेल टाक, मला सीसी ठेव. क्वालिटीच्या एचओडींनाही सीसी ठेवू का? तक्रारखोर म्हणून नाव तर पडणार नाही ना? काय लिहू?

पाच आठवडे हा आकडा आधी मनातून काढ. स्टँडर्ड रूमच्या इन्चार्जना कुणी विचारलं, तर ते पहिलं वाक्य बोलतील, ‘ड्रॉईंगच १२ तारखेला आलं’. आणि ते खरं आहे. जुन्या रिव्हिजनवर मोजलं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. म्हणजे त्यांच्याकडे पूर्ण काम पडून आहे ते १२ जूनपासून, २७ दिवस. २७ दिवस काही कमी नाहीत. पण तू ३ जूनपासून मोजलंस, तर सगळी चर्चा तारखेवर जाईल आणि सीएमएमचा विषय बाजूला राहील. तुझा मेल एचओडी साहेब बहुधा जसाच्या तसा क्वालिटीकडे फॉरवर्ड करतील. त्यामुळे प्रत्येक ओळ स्टँडर्ड रूमच्या इन्चार्जनी वाचली तरी त्यांना खोटी म्हणता येऊ नये, अशी असली पाहिजे.

मेलआधी दोन कामं. पहिलं म्हणजे बलून ड्रॉईंग घेऊन बस आणि ६२ मापांपैकी सीएमएमशिवाय होणारच नाहीत अशी कोणती, त्यावर खूण कर. बोअरची पोझिशन, प्रोफाईल अशी मापं त्यात येतील. साध्या लांब्या, चॅम्फर, आटे यांना व्हर्निअर, हाईट गेज, थ्रेड गेज चालतात. समज, १८ निघाली. मग तू दोन पाळ्या मशीन मागत होतीस, ते कदाचित एका पाळीत बसेल. बाकीची ४४ मापं इन्स्पेक्टरबरोबर बसून आजपासूनच सुरू करता येतील. हे कुणी सुचवलं नाही याचं मला नवल वाटत नाही; सगळे ‘सीएमएमला लागलंय’ एवढंच बोलत राहतात.

दुसरं काम म्हणजे इन्चार्जकडे जाऊन विचार, ‘आमच्या पार्टच्या पुढे काय काय आहे, आणि ते पुढे कुणी लावलंय?’ चालू लाईनचे पहिले नग पास झाल्याशिवाय पाळी सुरू होत नाही, आणि एखाद्या पार्टवर कस्टमर कंप्लेंट आली की मशीन दिवसेंदिवस त्यातच अडकतं. हे थांबवून तुझा पार्ट लावायचा अधिकार त्या इन्चार्जना नाही. तो निर्णय दोन एचओडींनी मिळूनच घ्यायचा असतो. मेल त्या निर्णयासाठी आहे हे एकदा पक्कं झालं, की तक्रारीचा सूर आपोआप जातो. निघताना त्यांना तोंडावर सांग, ‘सर, आज संध्याकाळी साहेबांना मेल टाकतेय, आधी तुम्ही वाचा.’ पुष्कळदा मसुदा पाहून तिथेच तारीख मिळते. मिळाली तर मेल थांबव, पण ती तारीख त्यांना दोन ओळींच्या मेलवर लिहून पाठव. ती चुकली, तर मोठा मेल.

क्वालिटीच्या एचओडींना सीसी नको. आपल्या साहेबांना काही कळायच्या आत दुसऱ्या खात्याच्या साहेबांसमोर त्यांना उघडं पाडल्यासारखं होतं. त्यांचं त्यांच्याशी बोलणं त्यांनाच करू दे. सीसीत फक्त तुमचे सेक्शनचे सर.

आता तारखा उलट्या मोज. २५ ला फाईल द्यायची. कागद आणि सह्यांना तीन दिवस, म्हणजे २२. बोअरच्या केपॅबिलिटी स्टडीला दोन दिवस, म्हणजे २०. एखादं माप बाहेर निघालं तर टूल ऑफसेट करून पुन्हा नग काढायला, मोजायला चार दिवस, म्हणजे १६. हे चार दिवस लोक धरत नाहीत आणि तिथेच फसतात. तेव्हा १६ ला मोजणी संपायला हवी आणि साहेबांचा निर्णय ११ पर्यंत.

पर्याय दोन-तीन दे, प्रत्येकात कुणाचं काय जातं तेही लिही. बाहेरून मोजून घ्यायचं असेल तर आधी फोन करून दर आणि तारीख घे. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजमध्येच मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, तिथे विचार. लॅबला त्या मापांसाठी एनएबीएल मान्यता आहे ना, आणि कस्टमरला बाहेरचा रिपोर्ट चालतो ना, हेही विचारून ठेव.

मसुदा मराठीत देते. कंपनीत इंग्रजी लागत असेल तर इतक्याच छोट्या वाक्यांत कर.

विषय: ११ जुलैपर्यंत निर्णय हवा – (पार्ट नंबर) ची सीएमएम मोजणी, पीपॅप २५ जुलै

आदरणीय सर,
या पार्टच्या मोजणीला सीएमएम कधी द्यायचं, यावर आपला निर्णय हवा आहे. मोजणी १६ जुलैपर्यंत संपली नाही तर २५ जुलैची तारीख चुकेल.
सद्यस्थिती: ५ नग ३ जूनला आणि नवं रिव्हिजन १२ जूनला स्टँडर्ड रूमला दिलं. ६२ पैकी ४४ मापं हातच्या गेजवर सुरू आहेत. १८ मापांना सीएमएमची एक पाळी लागेल. इन्चार्ज सरांशी आज बोलले. सध्या मशीनवर लाईनचे पहिले नग आणि एका कस्टमर कंप्लेंटचं काम आहे, ते मागे घेणं त्यांच्या हातात नाही.
पर्याय:
अ) १४ जुलैला तिसऱ्या पाळीत आपलं सीएमएम. ऑपरेटरला ओव्हरटाईम लागेल.
ब) बाहेरच्या लॅबमध्ये मोजणी. खर्च व तारीख सोबत जोडली आहे.
क) कस्टमरकडे अंतरिम मंजुरी किंवा मुदत मागणे. हे कस्टमरला लगेच कळवावं लागेल.
माझ्या मते ‘अ’ योग्य. आपण क्वालिटीच्या साहेबांशी बोलावं, ही विनंती.

यात ‘वारंवार सांगूनही’, ‘सहकार्य मिळत नाही’ असं काही नाही, ते बघ. जुन्या मेलांची साखळी खाली जोडू नकोस. साहेबांनी मागितली तर दे. ओव्हरटाईम आणि दराचे आकडे मात्र खरे घाल, अंदाजाने लिहू नकोस.

११ तारखेच्या सकाळपर्यंत उत्तर नाही आलं, तर पुन्हा मेल टाकण्यापेक्षा प्रिंट घेऊन केबिनमध्ये जा आणि ‘सर, अ का ब?’ एवढंच विचार. प्लँट हेडना सीसी करायचा मोह टाळ. ‘तुम्हीच बसून ठरवा’ असं साहेब म्हणाले, तर विचार, ‘सर, कंप्लेंटचं काम थांबवायला मी सांगितलं तर चालेल का?’ तेव्हा ते फोन उचलतील, नाहीतर ‘ब’ वर सही करतील. जे ठरेल ते त्याच मेलवर उत्तर म्हणून लिहून ठेव, आणि मोजणी झाल्या दिवशी इन्चार्ज आणि ऑपरेटरचं नाव घेऊन तिथेच आभार मान. पुढचा पार्टही त्याच खोलीत जाणार आहे.