८ किलोचं उत्तर का चुकलं? (पानं कोमवणं, आणि थोडं कॉफीच्या भाजणीबद्दल)

प्रश्न: "पेयतंत्रज्ञानाच्या पेपरात होतं: 100 किलो ताजी चहाची पानं, ओलावा 78 टक्के. विदरिंगनंतर, म्हणजे पानं कोमवल्यावर, ओलावा 70 टक्के. किती पाणी गेलं? मी 8 किलो लिहिलं, सरांनी शून्य दिलं. ग्रीन टीला विदरिंग असतं की नसतं? आणि लाइट रोस्ट कॉफीत कॅफिन जास्त असतं हे खरं का? मी पर्वरीला शिकते."

उत्तर:

सरांचं बरोबर आहे, पण शून्य देण्याऐवजी त्यांनी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. निलगिरीतल्या एका कारखान्यात मी काही वर्षं काढली, तिथे नवीन आलेला प्रत्येक जण हीच चूक करायचा. मीही केली होती.

टक्के एकमेकांतून वजा करायचे नाहीत, कारण 78 टक्के हे 100 किलोचे आहेत आणि 70 टक्के हे उरलेल्या, हलक्या झालेल्या पानांचे. पाणी उडतं, पानातला कोरडा भाग जागेवर राहतो. म्हणून हिशेब कायम कोरड्या भागापासून सुरू कर. 100 किलोत तो 22 किलो. कोमवल्यावर ओलावा 70 टक्के, म्हणजे हे 22 किलो आता एकूण वजनाचे 30 टक्के आहेत. 22 भागिले 0.30 म्हणजे साधारण 73.3 किलो. पाणी गेलं 26.7 किलो.

सीटीसी, म्हणजे दाणेदार चहासाठी 70 टक्क्यांच्या आसपास थांबतात. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पिळलेल्या पानाच्या चहाला पान जास्त कोमवावं लागतं, ते रोलरखाली तुटता कामा नये, पिळलं गेलं पाहिजे. तिथे 60 टक्के धर: 22 भागिले 0.40 म्हणजे 55 किलो, आणि गेलेलं पाणी 45 किलो. बघ, 70 आणि 60 मध्ये कागदावर दहाचाच फरक, पण पाणी 18 किलोंहून जास्त. शेवटी ड्रायरमधून 3 टक्के ओलाव्याचा चहा निघतो, तेव्हा हाच 22 किलोंचा माल 22.7 किलो भरतो. (पान श्वसन करत असतं, त्यात कोरडा भागही थोडा जातो. पेपरात तो धरत नाहीत.)

कारखान्यात हा हिशेब पावसाळ्यात फसतो. पान भिजून येतं. काट्यावरच्या 100 किलोत 10 किलो नुसतं पावसाचं पाणी असेल तर खरं पान 90 किलो आणि कोरडा भाग 19.8 किलो. 70 टक्क्यांवर यायचं तर वजन 66 किलोवर आणायला हवं, म्हणजे 34 किलो पाणी काढायला हवं. "वजन पंचाहत्तर किलोच्या खाली आलं, झालं" म्हणून उतरवलं की पान कच्चंच राहतं. आणि आपल्याकडे जुलैत दोरीवरचे कपडे जसे चार दिवस दमट राहतात, तसं ट्रफखालचा, म्हणजे पान पसरायच्या जाळीखालचा पंखा नुसती ओली हवा फिरवत राहिला तर रात्रभरात काहीच होत नाही. तेव्हा हवा थोडी गरम करतात, पण पस्तिशीच्या पुढे नेत नाहीत. एकदा रात्रपाळीच्या माणसाने लवकर सुटायला म्हणून गरम हवा वाढवली. पहाटे ट्रफवर थराच्या तळचं पान तांबूस झालेलं होतं आणि वरचं अजून हिरवंगार. त्या मालाची चव शिळी आली, एकसारखा रंगही आला नाही.

घाई करायची नाही याचं दुसरं कारण म्हणजे कोमवणं नुसतं वाळवणं नाही. पाणी चारपाच तासांतही काढता येतं, पण पानाला साधारण 12 ते 16 तास पडून राहू देतात. त्या वेळात पेशींची पटलं सैल होतात, प्रथिनांपासून अमिनो आम्लं सुटतात, हिरव्या गवताच्या वासाच्या जागी फळासारखा गोडसर वास येतो. हे हाताला कळतं: मूठभर पान दाबून सोड. ताजं असेल तर लगेच उसळी मारून उघडतं. नीट कोमवलेलं गोळा होऊन राहतं आणि हळूहळू सुटतं, देठ वाकवला तर कट्कन मोडत नाही. कडा कुरकुरीत झाल्या असतील तर जास्त झालं. असं पान पुढे नीट लाल होत नाही, कारण त्या क्रियेलाही ओल लागते.

आता ग्रीन टी. केळफूल चिरलं की हात नि फूल दोन्ही काळी पडतात ना, म्हणून आपण चिरल्याचिरल्या ताकाच्या पाण्यात टाकतो. हे काळं करणारं विकर चहाच्या पानातही असतं. पान चुरडलं की ते पॉलिफिनॉलना भेटतं आणि हवेने ती लाल-तपकिरी होतात. पुस्तकं याला फर्मेंटेशन म्हणतात, पण यात जंतूंचं काम नाही, हे ऑक्सिडेशन आहे. काळ्या चहात ते पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये पानाच्या कडा दुखावून अर्ध्यावर थांबवतात. ग्रीन टीत सुरू व्हायच्या आतच वाफेने किंवा कढईत तापवून विकर मारतात. म्हणून पेपरात "ग्रीन टीला विदरिंग नाही" हे चालेल. जपानी पद्धतीला ते लागू पडतंही, पण चीनमध्ये कढईत टाकण्याआधी पान काही तास पसरून ठेवतात. खरी फसवणूक व्हाइट टीच्या प्रश्नात असते: त्याला कोमवणं आणि वाळवणं एवढंच, पान मुद्दाम चुरडतच नाहीत. पण कोमवणं इतकं लांबतं की ऑक्सिडेशन आपोआप थोडं होतंच.

कॉफीकडे हीच वही घेऊन ये. हिरवी कॉफी 1 किलो, ओलावा 11 टक्के, म्हणजे कोरडा भाग 890 ग्रॅम. मध्यम भाजून ती साधारण 850 ग्रॅम उरते. म्हणजे कोरडा भाग होता त्याहूनही कमी! पाण्याबरोबर दाण्यातलं सत्त्वही वायू होऊन गेलं, चहासारखं ते जागेवर बसत नाही. गडद भाजली तर 800 ग्रॅम.

कॅफिन मात्र बहुतेक टिकतं. अरेबिकाच्या त्या किलोत 12 ग्रॅम कॅफिन होतं असं धर. मध्यम भाजणीत 850 ग्रॅममध्ये 12, म्हणजे 1.4 टक्के. गडदमध्ये 800 ग्रॅममध्ये 12, म्हणजे 1.5. थोडं उडतं, म्हणून दोन्ही जवळपास सारखेच म्हण. वजनाने मोजलीस तर लाइट जास्त ठरत नाही. पण चमच्याने मोजलीस तर ठरते, कारण गडद दाणा फुगलेला आणि हलका असतो, एका चमच्यात कमी ग्रॅम बसतात. प्रश्नात "प्रति चमचा" आहे की "प्रति ग्रॅम" ते आधी वाच.

भाजणीच्या पायऱ्या मात्र रंग पाठ करून लिहू नकोस, आवाज लक्षात ठेव. फोंड्याला मी घरी छोट्या ड्रममध्ये भाजतो. 200 अंशांच्या आसपास लाह्या फुटल्यासारखा पहिला तडाखा येतो, तो संपता संपता काढली तर ती सिटी भाजणी. मग शांतता. त्यानंतर फोडणीतल्या मोहरीसारखी बारीक तडतड सुरू होते, तो दुसरा. त्याच्या उंबरठ्यावर फुल सिटी, आत शिरल्यावर व्हिएन्ना, बरंच पुढे फ्रेंच, तेव्हा दाण्यावर तेल चमकतं. अंश यंत्रागणिक बदलतात, थर्मामीटर कुठे खुपसलाय त्यावर असतं. माझ्या ड्रमवर 190 दिसताच पहिला आवाज येतो.