बाहेरचं काम घेण्याआधी एचआरला काय लिहावं

आधी तुझं नेमणूकपत्र काढ. त्यात दोन कलमं बघ: बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते का, आणि नोकरीत असताना तू बनवलेलं सगळं कंपनीचं ठरतं का. दुसरं कलम बहुतेकजण वाचतच नाहीत. ते ढोबळ असेल, तर तू रात्री घरी लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगू शकते, आणि मग क्लायंटला तू नक्की काय विकलंस हा प्रश्न उरतो.

‘फ्रीलान्सिंग करू का?’ असं मोघम विचारलंस तर ‘नाही’ हेच उत्तर येईल. एकच काम धरून विचार. समजा, तुमची कंपनी दवाखान्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवते आणि तुला बेकरीची वेबसाइट मिळाली आहे. मग मॅनेजरशी आधी तोंडी बोल आणि एचआरला मेल असा टाक:

‘एका बेकरीची वेबसाइट बनवण्यासाठी परवानगी हवी आहे. शनिवार-रविवारी मिळून आठ तास, दोन महिने. स्वतःचा लॅपटॉप. क्लायंट आपला ग्राहक किंवा स्पर्धक नाही. तसं पुढे झाल्यास लगेच कळवीन. या वेबसाइटच्या कोडवर कंपनीचा हक्क नसेल, हेही उत्तरात नमूद करावं.’

क्लायंट दवाखाना असेल तर विचारूच नकोस, सोडून दे. आणि लेखी होकार येईपर्यंत ॲडव्हान्स घेऊ नकोस. माझ्या मॅनेजरचा तोंडी होकार त्याच्या बदलीबरोबर गेला होता.