पाळणाघर: मुलं किती घ्यायची, हे आधी ठरवा

"सर, मी २३ वर्षांची आहे, बी.ए. झालंय. रत्नागिरीपासून चार किलोमीटरवर आमचं चिऱ्याचं घर आहे, मोठी ओटी, माजघर, मागे विहीर. आई आणि मी मिळून पाळणाघर चालवायचं म्हणतोय. ओळखीच्या दोन शिक्षिका आणि एक नर्स आत्ताच विचारतायत. दहा मुलं घेतली तर झेपतील का? फी किती ठेवावी? आणि लोक आमच्यावर विश्वास कसा ठेवतील?"

दहा नकोत. सहा घ्या, आणि त्यात दोन वर्षांच्या आतली दोनच. एका मुलाला उलटी झाली, तुम्ही त्याला धुवायला मोरीत गेलात, की बाकीची सगळी आईकडे. त्या दहा मिनिटांत आईला जेवढी सांभाळता येतील, तेवढीच तुमची क्षमता. एकीला बाजारात किंवा लग्नाला जावं लागलं, तर त्या दिवशी येणारी तिसरी बाई आत्ताच ठरवून ठेवा.

अख्खं घर मुलांना मोकळं ठेवू नका. माजघर आणि ओटी एवढंच त्यांचं. ओटीच्या पायऱ्यांवर आणि परसाकडच्या दाराला अर्धं फाटक बसवा, कडी बाहेरच्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशी. विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप हवंच. पण मला विहिरीपेक्षा बादलीची जास्त धास्ती वाटते, कारण विहिरीवर सगळ्यांचं लक्ष असतं. रांगत्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की तोंडावर पडतं आणि त्याला वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. त्यामुळे बादल्या रिकाम्या करून पालथ्या, पिंपावर घट्ट झाकण. पावसात पागोळीखाली ठेवलेलं घमेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही, ते आधी उचला.

दुसरं, अंगणाच्या कडेचा चिऱ्यांचा ढीग, लाकडं आणि पातेरा. फुरसं आणि विंचू तिथेच असतात. हे सगळं घरापासून लांब हलवा, अंथरुणं रोज झटका. लाल विंचू लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावरच्या उपचारांचं मोठं काम केलंय, पण त्याचा उपयोग उपचार वेळेत मिळाले तरच. मूल घामाने डबडबलं, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ लावा. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं काही नको, चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना. सापाच्या विषावरची लस जवळ कुठे मिळते, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

आता फी. गावातल्या इतर पाळणाघरांचा दर काढा. मी हिशेबापुरते महिन्याला ३००० धरतो. सहा मुलांचे १८,००० झाले. खाऊ, गॅस, लाइट, साबण-फिनेल यांचे ३००० गेले. उरलेले १५,००० दोघींत, म्हणजे प्रत्येकी ७५००. कागदावर ठीक दिसतं. पण शिक्षिकांची मुलं मे महिन्यात घरी, गणपतीत आठवडाभर सगळीच घरी. दोन मुलं मेमध्ये आली नाहीत की ६००० बुडाले. म्हणून फी जागेची आहे, हजेरीची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. महिनाभर मूल येणार नसेल तर निम्मी फी, तुम्ही स्वतः बंद ठेवलंत तर त्या दिवसांची कपात. संध्याकाळी एसटी चुकली म्हणून उशीर होणारच. अर्धा तास सोडा, पुढे तासाला ठरलेली रक्कम घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरून मैत्रिणींत भांडणं झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे एका कागदावर सही घ्या.

विश्वासासाठी लोक कॅमेऱ्याचं विचारतील. माझ्या मते आधी वही. प्रत्येक मुलाचं एक पान: कधी झोपलं, काय खाल्लं, शी झाली का, कुठे लागलं का. न्यायला येणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं, फोटो आणि नंबर. चौथा कुणी आला, मग तो सख्खा काका का असेना, आईला तिच्याच नंबरवर फोन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही. औषध आईने लिहून दिल्याशिवाय नाही. माझ्या एका विद्यार्थिनीकडे मूल उंबऱ्याला अडखळून पडलं, कपाळाला टेंगूळ आलं. आई संध्याकाळी विचारेल म्हणून ती थांबली नाही. बर्फ लावता लावताच तिने फोन केला, किती वाजता आणि कसं, ते सांगितलं. ती आई रागावली, पण दुसऱ्या दिवशी मूल आलं. टेंगूळ आईला घरी गेल्यावर दिसलं असतं, तर ते आलं नसतं.

पोलीस पडताळणी तुमची आणि आईची, दोघींचीही करून घ्या, मागायच्या आधीच दाखवा. कुठलाही पालक न सांगता कधीही आला तरी दार उघडं ठेवा.

नर्सला आधी हो म्हणा. तिची शिफ्ट बदलते, तेव्हा रात्रपाळीला मूल ठेवणार नाही हे तिला आत्ताच सांगा. जूनमध्ये शाळा सुरू होताना दोन मुलांवर सुरुवात करा. पहिले चार दिवस आईने मुलासोबत तासभर बसावं. तिसरं मूल गणपतीनंतर.