शिफारसपत्र मागताना सरांना काय आठवून द्यायचं

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला, आणि सोबतचा मसुदाही. "सर, मला पीएच.डी.च्या अर्जांसाठी शिफारसपत्र हवे आहे, कृपया द्यावे ही विनंती." एवढ्या एका वाक्यावर तू मला विचारतेस की हे विभागप्रमुखांना पाठवू की प्रोजेक्टच्या सरांना.

विभागप्रमुखांचं नाव मोठं आहे, मान्य. पण त्यांनी तुला भरलेल्या वर्गात तिसऱ्या बाकावर पाहिलंय. ते लिहिणार काय? मुलगी अभ्यासू आहे, नियमित येते, गुण चांगले आहेत. गुण तर गुणपत्रिकेतही दिसतात. निवड समिती पत्र वाचते ती गुणपत्रिकेत नसलेलं काही कळावं म्हणून. तेव्हा ज्यांनी तुला काम करताना पाहिलं त्यांनाच विचार, आणि त्यांनी जे पाहिलं तेच त्यांना आठवून दे.

हो, आठवून द्यावंच लागतं. सरांच्या हाताखालून दरवर्षी नवी मुलं जातात. काचेवर झिंक ऑक्साइडचा थर स्प्रे करताना तो पांढरट, ठिपक्याठिपक्यांचा यायचा आणि बोट लावलं की निघायचा, हे तू मला किती तावातावाने सांगितलं होतंस! सगळे द्रावणाला दोष देत होते. तू थर्मोकपल काचेच्या पृष्ठभागावर टेकवलंस, तेव्हा कळलं की डायल 400 अंश दाखवत असला तरी काच बरीच थंड आहे. त्यानंतर थर नीट बसू लागला. या सगळ्याचा तुझ्या मसुद्यात एक शब्द नाही! याचा मला खरंच राग आला.

मेल इंग्रजीतच लिही, पण मजकूर साधारण असा असू दे:

"सर, मी गेल्या वर्षी तुमच्याकडे झिंक ऑक्साइडच्या थरांवर प्रोजेक्ट केला. काच आणि हीटर यांच्या तापमानातला फरक मोजून मी थर निघण्याचं कारण शोधलं होतं. वहीची ती पानं सोबत जोडली आहेत. मी अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. पहिली मुदत 1 डिसेंबर, शेवटची 15 डिसेंबर. त्या कामाच्या आधारे तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का? शक्य नसेल तर तसं मोकळेपणाने कळवा, मी दुसरी व्यवस्था करेन."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्याने सरांना नाही म्हणायची वाट मिळते, आणि कोमट पत्रापेक्षा वेळेवर मिळालेला नकार तुझ्या कामाचा. हा मेल ऑक्टोबरच्या मध्याच्या आत जाऊ दे. पुढे दिवाळीची सुट्टी आणि पेपर तपासणी सुरू झाली की सर सापडायचे नाहीत.

सर हो म्हणाले की मग सीव्ही, गुणपत्रिका, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि एका पानाचा तक्ता पाठव: विद्यापीठ, विभाग, मुदत. अर्जात तू सरांचा पत्ता भरलास की विद्यापीठाची लिंक थेट त्यांना जाते. पत्ता कॉलेजचाच दे, जीमेलचा नको. लिंक पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन बसते, म्हणून पत्ता भरलास त्याच दिवशी त्यांना कळव. त्या फॉर्ममध्ये सरांना विचारतात की विद्यार्थिनीला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, बरोबरीच्या विद्यार्थ्यांत ती कुठे बसते. तुझे तपशील समोर असले तर हे भरणं त्यांना जड जात नाही. पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडतेस का, असं अर्जात तुलाही विचारतील. सोड. तू वाचणार नाहीस हे ठाऊक असलं तर समिती त्या पत्रावर जास्त विश्वास ठेवते.

आता आपल्याकडची खोड. सर म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." असं झालं तर तयार पत्र नेऊ नकोस. पाच-सहा मुद्दे ने: काय बिघडलं, तू काय मोजलंस, सर तेव्हा काय म्हणाले. वाक्यं त्यांची असू देत. तीन पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला कळतं, आणि मग तिन्ही वाया जातात.

तू मलाही पत्र मागितलंस. मी देणार नाही. तुला लहानपणापासून ओळखते, तुझ्याबद्दल पानभर लिहू शकेन, पण प्रयोगशाळेत मी तुला एक दिवसही पाहिलेलं नाही. निवृत्त होईपर्यंत मी हेच पाळलं. न पाहिलेलं लिहिलं नाही, आणि त्यापायी काही मुलं माझ्यावर रुसली ती रुसलीच. वाईट वाटतं, आजही वाटतं. तरी तुझ्यासाठीसुद्धा हे बदलणार नाही. मी ज्यांना जवळून पाहिलं त्यांच्या पत्राला वजन राहिलं ते यामुळेच.

नवा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. त्यात थर्मोकपल नसेल तर परत पाठवीन.

तुझी,
मावशी