ऐन प्रकल्पात राजीनामा देताना काम टप्प्याटप्प्याने कसे सोपवावे?

प्रश्न: मी अंबडच्या एका कारखान्यात नव्या पार्टचे डेव्हलपमेंट पाहतो. दीड महिन्यावर ग्राहकाकडे पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीसाठीची कागदपत्रे आणि नमुने, सादर करायचे आहे आणि मला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे. डिलिव्हरीला धक्का न लावता राजीनामा कसा द्यावा?

उत्तर: काही वर्षांपूर्वी मी सातपूरमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते आणि अगदी याच अवस्थेत राजीनामा दिला होता, म्हणून तोच अनुभव सविस्तर लिहिते. पार्ट ॲल्युमिनियमचे हाउसिंग होते, नोटीस साठ दिवसांची होती आणि पीपॅप सादर करण्याची तारीख अठ्ठेचाळिसाव्या दिवशी येत होती.

साहेबांना आधी समोरासमोर सांगितले आणि त्याच संध्याकाळी ईमेल केला. ईमेलमध्ये राजीनामा आणि शेवटच्या दिवसाची तारीख एवढेच लिहिले. काम कसे सोपवीन याचा आराखडा वेगळ्या कागदावर दिला. हे दोन्ही एकत्र करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण आराखडा राजीनाम्यातच लिहिला की तो राजीनाम्याची अट असल्यासारखा वाचला जातो. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे "अप्रूव्हल येईपर्यंत थांबा" असे म्हटले. मी नम्रपणे नकार दिला. सादरीकरण आपल्या हातात असते, अप्रूव्हल मात्र ग्राहकाच्या हातात असते. ते लांबले की आपली तारीखही लांबत जाते.

आराखड्याचे टप्पे मी आठवड्यांवर न बांधता कामाच्या टप्प्यांवर बांधले. गेज आर-आर, म्हणजे मोजमाप किती भरवशाचे आहे याची तपासणी, अर्धवट झाले होते. दहा नग, तीन तपासनीस आणि प्रत्येकाच्या तीन फेऱ्या असा तो अभ्यास मध्येच दुसऱ्याच्या हाती देण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो आणि कंट्रोल प्लॅन मी स्वतः पहिल्या पंधरा दिवसांत पुरा केला. त्यानंतरची तीनशे नगांची ट्रायल माझ्या जागी येणाऱ्या ज्युनिअरने चालवायची आणि मी फक्त शेजारी उभे राहायचे, असे ठरले. साहेबांनी माणूस नेमायला उशीर केला तर काय, हेही कागदावर होते: दहाव्या दिवसापर्यंत नाव ठरले नाही, तर शिफ्ट इन्चार्ज माझ्याकडून काम समजून घेतील. सुदैवाने नाव आठव्या दिवशी ठरले.

सर्वांत उपयोगी ठरला तो तिसरा टप्पा. छत्तिसाव्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत मी शॉपफ्लोअरवर पाऊलच ठेवायचे नाही, ऑफिसात बसायचे आणि विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही, असे मी सुचवले होते. साहेबांना ही चैन वाटली. परंतु आपल्या नसण्याची परीक्षा नोटिशीच्या शेवटी ठेवली, तर जे उघडे पडते ते सुधारायला वेळ उरत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ज्युनिअर आला. म्हणाला, "मॅडम, बोअर मोठा येतोय. ऑफसेट बदलायला सांगू का?" दिवस डिसेंबरचे होते. नग वॉशिंगमधून गरमच बाहेर येत होते आणि तो ते लगेच एअर गेजवर लावत होता, तर गेज ज्याच्याशी जुळवतात तो मास्टर खोलीच्या तापमानाला होता. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे तेवीस मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे ५० मिलिमीटरचा बोअर दहा अंशांच्या फरकाने जवळपास बारा मायक्रॉन मोठा दिसतो आणि आमचा एकूण टॉलरन्स पंचवीस मायक्रॉनचाच होता. त्याने मशीनचा ऑफसेट बदलून बोअर लहान करायला लावला असता तर गेजवर सारे ठीक दिसले असते आणि नग थंड झाल्यावर बोअर लहान भरला असता. मी स्वतः नग अर्धा तास ट्रेमध्ये ठेवूनच मोजत असे. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की ती लिहून ठेवावी असे मला कधी सुचलेच नाही. ट्रायलच्या वेळीसुद्धा ट्रे मीच बाजूला सरकवून ठेवत होते, त्यामुळे शेजारी उभे राहण्याच्या टप्प्यात ही उणीव दिसलीच नव्हती. त्याच दिवशी ती ओळ कंट्रोल प्लॅनमध्ये आणि गेजजवळच्या सूचनापत्रकात गेली. त्या आठवड्यात असे आणखी चार प्रश्न निघाले, पण ते किरकोळ होते.

ग्राहकाला कोणी आणि कधी सांगायचे हे साहेबांवर सोडा. आपण परस्पर फोन करू नये. आमच्याकडे साहेबांनीच चाकणच्या ग्राहकाला तिसऱ्या टप्प्यात कळवले आणि त्यानंतरच्या बैठकांत ज्युनिअर बोलला, मी गप्प बसले. (गप्प बसणे मला ट्रायलपेक्षा अवघड गेले.)

सादरीकरण अठ्ठेचाळिसाव्या दिवशी झाले. उरलेल्या बारा दिवसांत ग्राहकाच्या शंका आल्या, त्यांची उत्तरे ज्युनिअरने लिहिली आणि मी पाठवण्याआधी वाचली. शेवटच्या दिवशी प्रत्येक टप्प्यापुढे त्याची आणि साहेबांची सही घेऊन एक प्रत मी स्वतःकडे ठेवली. त्यानंतर पंधरा दिवस संध्याकाळी सात ते साडेसात फोन घेईन, असे मी लेखी दिले होते. प्रत्यक्षात दोनच फोन आले, त्यांतला एक फाईल कोणत्या कपाटात आहे हे विचारण्यासाठी होता.